नवीला आधी कळलं

सोमवार, ३ फेब्रुवारी

माझ्या लेकीचं, मुंगीचं, मोडलं. नऊ दिवस झाले म्हणे. मला आज कळतंय — तेही तिच्या बाबाकडून, तेही चुकून. चार्जर इकडे राहिलाय का विचारायला त्याने चष्म्याच्या दुकानात फोन केला आणि जाता जाता म्हणाला, "जरा जपून बोल तिच्याशी. त्या मुलाचं तसं झाल्यापासून..." कसं झाल्यापासून? मग त्याची ततपप. "मला वाटलं तुला माहीत असेल. हिला तर तिने त्याच दिवशी सांगितलं."

हिला! म्हणजे नवीला. त्यांच्या लग्नाला चार वर्षं झाली, पण माझ्या तोंडी ती नवीच राहिली आहे आणि राहणार आहे.

दात हलायला लागला तरी मला दाखवायला धावत येणारी माझी मुलगी. सोळा वर्षांची झाली, पहिल्यांदा कुणीतरी तिला दुखावलं, आणि ती गेली कुणाकडे? गुरुवार ते रविवार तिकडे असते म्हणून काय झालं. फोन होता ना. फोन करून मुंगी मला शाईचा डाग कसा काढायचा ते विचारते.

दुपारी एका आजोबांचे डोळे तपासले आणि उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याच्या रकान्यात लिहून दिला. काचा कापणारे काका आतून कागद नाचवत बाहेर आले. "बाई, आजोबांना आज तिरळं करायचंय का?" अकरा वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

विचारलं. तिने तीन वाक्यांत सांगून टाकलं. शाळेच्या बँडमधला ड्रमवाला. सात महिने. आता त्याला बँडमधलीच गाणारी आवडते. मुंगी त्याच बँडमध्ये कीबोर्ड वाजवते, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस दोघांना समोर बघायचं.

मी काय बोलले ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या लाज वाटेल. "अगं, या वयात हे होतंच." "अख्खं आयुष्य पडलंय." "बँडच्या कार्यक्रमात बघितला तेव्हाच मला तो आगाऊ वाटला होता." ती ताटातल्या भाताशी खेळत होती. म्हणाली, "झालं?" आणि उठून खोलीत गेली. दोन घास खाल्ले असतील.

नवी काय बोलली असेल? दिवसभर डोक्यात तेच. मुंगी दुःखी आहे याचं वाईट वाटायला हवं, आणि वाटतंही आहे, पण त्याच्या वर हे बसलंय. स्वतःचीच चीड येते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

घोडचूक केली.

त्या गाणारीचे फोटो शोधून काढले आणि मुंगीपुढे फोन धरला. "नाक बघ हिचं. तुझ्यापुढे आहे काय ही?" मला वाटलं हसेल. तिने नीट बघितलं. "नाक छान आहे तिचं, आई." मग फोन हातातून घेतला आणि तासभर एकेक फोटो मोठा करून बघत बसली. शेवटी आरशापुढे उभी. "माझी हनुवटी जास्तच पुढे आहे का?"

ती मुलगी किती वाईट हे पटवायला गेले आणि पोरीच्या हातात मोजपट्टी देऊन आले. आता ती प्रत्येक गोष्ट मोजणार. आणि हे मला करतानाच कळायला हवं होतं, कारण नवीचे कानातले कोणते, कोणत्या सुट्टीत कुठली ओढणी होती, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गेली तिकडे. जाताना चेहरा उजळला, की मलाच तसं वाटलं?

शनिवार, ८ फेब्रुवारी

मुंगीचा फोन. महिनाभर तिकडेच राहिलं तर चालेल का. शाळा जवळ पडते म्हणे. चार वर्षांत शाळा कधी जवळ पडली नव्हती.

"बघू," म्हटलं. अगदी गोड आवाजात. फोन ठेवून सगळी भांडी पुन्हा घासली, स्वच्छ होती ती सुद्धा.

महिन्याचे दोन होतात. मग "आता इथेच बरं आहे ना" होतं. एक माणूस त्या घरात असाच हळूहळू गेला होता. आधी रविवारी उशीर, मग एक शर्ट तिकडे, मग सगळे शर्ट. मुंगी गेली तर माझ्याकडे उरलं काय? डोळे तपासायचं मशीन.

सोमवार, १० फेब्रुवारी

लाज सोडली. आल्या आल्या विचारलं, नवी काय बोलते गं तुझ्याशी?

"फार काही नाही. बसते शेजारी. एकदा म्हणाली, नुसतं ऐकू, की काही सांगू?"

एवढंच! यासाठी माझी मुलगी महिनाभर तिकडे राहणार!

आणि संध्याकाळी मी काय करावं? मुंगीच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "नुसतं ऐकू, की काही सांगू?" तिने असं बघितलं माझ्याकडे, जणू तिच्या मैत्रिणीचा फ्रॉक घालून आले होते. "आई, प्लीज."

बरोबर आहे. मला ऐकायचं नव्हतंच. मला जिंकायचं होतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सगळं लिहायला हवं, राहून जाईल.

मुंगीचं डोकं आठवडाभर दुखतंय. शाळा सुटल्यावर दुकानात बोलावलं. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर तपासणीच्या खोलीत बसवलं, दिवा बंद केला, तक्ता लावला. नाकावर जाडजूड तपासणीची फ्रेम. मी शेजारच्या स्टुलावर, काचांची पेटी मांडीवर. दोघींची तोंडं तक्त्याकडे. "पहिली काच की दुसरी?" हे मी रोज पन्नास वेळा विचारते. विचारताना आवाजात जराही कल द्यायचा नाही. कल दिला की माणूस आपल्याला आवडेल ते उत्तर देतो आणि चुकीचा चष्मा घेऊन घरी जातो.

तिसऱ्या ओळीला ती थांबली. अक्षर दिसत नसेल असं वाटलं.

"तो म्हणाला, माझ्याशी बोलताना त्याला कंटाळा यायला लागला होता."

माझ्या तोंडात पाच उत्तरं तयार होती. त्यातली तीन तर शिव्याच. गिळली. दुकानात विचारते तशा आवाजात विचारलं, "कधी जास्त होतं? सकाळी, की शाळेत?"

"सकाळी. उठल्यावर एक मिनिट आठवतच नाही. मग आठवतं."

मी गप्प. फार अवघड आहे गप्प बसणं, चारचौघांत मला कुणी कधी गप्प बघितलेलं नाही. पण अंधारात, तोंड पुढे करून, ती बोलत गेली. तो किती छान होता ते! कीबोर्डची जड पेटी तोच उचलायचा. तिला गणित अडलं की स्वतःलाही येत नसताना बसायचा. हे सगळं ती कुणाला सांगूच शकली नव्हती, कारण जो तो त्याला नावं ठेवत होता. त्यात मी पहिली.

मग म्हणाली, "म्हणजे ते सगळं खोटंच होतं ना?"

इथे मात्र बोलले. "नाही गं. पेटी उचलायचा तेव्हा खरंच उचलायचा. सात महिने खरे होते. तो गेला म्हणून मागचे दिवस खोटे ठरत नाहीत. खरे होते म्हणून तर एवढं दुखतंय."

तेव्हा रडली. फ्रेमसकट. काचा आतून ओल्या झाल्या, त्या मी नंतर पुसल्या. रडणं थांबवायला गेले नाही, पाठीवर हात ठेवून बसले. थोड्या वेळाने सरळ विचारलं, जगूच नये असं वाटतं का कधी? अशा गोष्टी विचारल्याने मनात येत नाहीत, असतील तर बाहेर येतात. ती म्हणाली, "नाही. फक्त सोमवारी बँडला जाऊ नये असं वाटतं." दोघी हसलो. मी म्हटलं, कधी वाटलंच तर कितीही वाजता मला उठवायचं. मान हलवली.

मग तिने विचारलं, "तुला किती दिवस लागले?"

आतापर्यंत मी सांगत आले होते, मला काहीच झालं नाही, मी मजेत आहे. आज खरं सांगितलं. पहिल्या वर्षी नवीचे फोटो दिवसातून वीस वेळा बघायचे. आता महिन्यातून तीन-चारदा. बघून बरं वाटलं असं एकदाही झालं नाही. दुखणं एकदम जात नाही, मध्ये मध्ये सुट्टी घेतं, आणि त्या सुट्ट्या लांबत जातात. अजूनही जळते. परवा तू महिनाभर तिकडे म्हणालीस तेव्हा तर फार जळले. पण ते माझं आहे, तुझ्या डोक्याला त्याचा भार नको. तुला जिथे बरं वाटतं तिथे राहा.

ती फ्रेम काढून माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटायचं तू विसरलीस. म्हणजे मीच येडी, जिला जमत नाहीये."

मग तिथेच बसून आम्ही एक काम केलं. तिने ड्रमवाला आणि गाणारी दोघांना फोनवर दिसेनासं केलं, मी नवीला. तिने माझ्यावर नजर ठेवली, मी तिच्यावर. बँड सोडायचा का हे मी ठरवून दिलं नाही, जीभ दातांखाली धरली. तीच म्हणाली, सोडणार नाही, पण कीबोर्ड दुसऱ्या टोकाला लावायला सरांना सांगते.

नंबर अर्धा निघाला. डोकेदुखी रडण्याची आणि न जेवण्याची. घरी आल्यावर दोनदा वाढून घेतलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लहानच बॅग नेली. महिन्याची नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

तिकडे आज तिघं मिळून कुठेतरी गेले असतील. बघायला फोन हातात घेतला, दिसेना. आपणच बंद केलंय. हात चोळत बसले.

नवी शेजारी नुसती बसते, याचा अजून राग येतो. तिला बसता येतं. तिचं काय गेलंय?

सोमवार, १७ फेब्रुवारी

न राहवून विचारलंच — नवीला आधी का सांगितलंस?

मुंगी बुटाची नाडी सोडत होती. "सांगायला नव्हते गेले. विचारायला गेले होते. गाणारीला तर विचारता येत नाही ना."

काय विचारायला?

"की बाबा तिला मिळाला तेव्हा तिच्या मनात तू कधी यायचीस का."

मग? काय म्हणाली?

"हातातला कप खाली ठेवला तिने. मग म्हणाली, रोज. अजूनही."