कावळ्याच्या शेपटीला तात्पर्य

सोम., ८ डिसें.
आणखी एक पत्रक. प्रत्येक शाळेने एक लोककथा मुलांसाठी व्हिडिओ करून पाठवायची. पशू किंवा पक्षी हवा, तीन मिनिटांच्या वर नको, शेवटी तात्पर्य ‘ठळक अक्षरांत’. दहा दिवसांत. मराठी मी शिकवते म्हणून मु.अ.नी (मुख्याध्यापक, आमचे सर) कागद सरळ माझ्या टेबलावर सरकवला.
“मोबाईलवरून एखादी उचला न मॅडम. कोन पाहते?”
कोण पाहते! हे वाक्य ऐकलं की मला शिसारी येते. चौथीचा वर्ग रोज मला पाहतो.

मंगळ., ९ डिसें.
गोष्ट घरातच होती म्हणजे. कौसल्याबाई, आमच्या शाळेची खिचडी शिजवणाऱ्या, साठीच्या पुढच्या. जेवणं झाली की भांडी घासायच्या आधी पोरांना गोष्ट सांगतात. सहा वर्षं मी त्या वेळात वह्या तपासत बसायचे. आज प्रथमच नीट बसून ऐकलं.

कावळ्याची. उतरवून ठेवते, विसरायला नको:
पाटलीण. घरी धान मायंदाळ, पण कांडणाऱ्या बायांना मूठभर कणी द्यायची नाही. अंगणात चटईवर तांदूळ वाळत घालून काठी घेऊन बसायची. कावळा भुकेला. पहिल्या दिवशी ओरडला, “काव काव पाटलीनबाई, तुही म्हैस सुटली वं, लाखोरीत शिरली वं!” पाटलीण लाखोरीच्या शेताकडे धावली, कावळा जेवला. दुसऱ्या दिवशी, “काव काव पाटलीनबाई, तुहा भाऊ आला वं, बोडीच्या पारीवर उभा वं!” पुन्हा धावली, पार तळ्याच्या पाळीपर्यंत, पुन्हा जेवला. तिसऱ्या दिवशी ती शहाणी झाली आणि चटईच्या मधोमध फतकल मारून बसली. काही केल्या उठेना. कावळा म्हणाला, “काव काव पाटलीनबाई, बरं केलं वं, उठूच नोको. तुह्याखाली साप हाय. उठली का डसन.”
झालं. पाटलीण जागची हलेना. कावळ्याने सगळे कावळे बोलावले. कांडणाऱ्या बाया आल्या, “पाटलीनबाई, आमची कणी?” पाटलीण डोळे मिटून म्हणते, “न्या माय, सुपानं न्या, पर मले हालवू नोका.” बायांनी नेलं, भात रांधला, पहिला घास कावळ्याला टाकला.
“मंग पाटलीन?” एका पोरीने विचारलं.
“बसली असंन अजून.”
पोरं लोळली हसून. मीही. बऱ्याच दिवसांनी.

एक पाहिलं. दर वाक्यामागे पोरं “हूं” म्हणतात. एखादं पोर चुकलं तर बाई थांबतात. म्हणाल्या, धान रोवताना बांधीत, खाचरातल्या चिखलात वाकून ही गोष्ट चालायची, एकीने सांगायची, बाकीच्यांनी हूं द्यायचा. हूं नाही तर गोष्ट तिथेच राहायची.
“व्हिडिओत सांगाल?” विचारलं.
“सांगीन. पर माह्या मायची गोष्ट हाय मॅडम. तिची तशीच ठेवान न?”
शब्द दिला. तशीच ठेवीन.

गुरु., ११ डिसें.
संहिता लिहिली. कागदाच्या मधोमध रेघ, डावीकडे दिसतं ते, उजवीकडे ऐकू येतं ते. जे दिसतं ते बोलायचं नाही, हा पहिला नियम. कावळा चटईवर उतरलेला दिसतोय तर ‘कावळा चटईवर उतरला’ कशाला सांगायचं. लिहून पाहिलं तर बाईंची निम्मी वाक्यं अशी गळून पडली. गोष्ट ऐकण्यासाठी होती, पाहण्यासाठी नव्हती, त्याला त्या काय करणार.
तीन मिनिटांत तीनशे शब्द, त्यावर नाही. त्याहून जास्त झाले की लहान पोरं मागे पडतात. पहिल्या दहा सेकंदांत कावळा ओरडलाच पाहिजे, ओळखबिळख नंतर. मग चित्रं: कावळा, पाटलीण, चटई, बाया, चौथीची पोरं काढतील, कापून काळ्या फळ्यावर सरकवायची, वरून मोबाईल आडवा धरायचा. मध्ये मध्ये बाईंचा चेहरा. ‘काव काव पाटलीनबाई’ तिन्ही वेळा ठेवलं. दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा पोरं स्वतःच म्हणतात, तिथेच तर कावळा त्यांना फसवतो, पाटलिणीसारखंच.
चांगलं झालंय. माझं मीच म्हणते.
तात्पर्याची जागा रिकामी. या गोष्टीला तात्पर्य काय? ‘कणी द्या’?

शुक्र., १२ डिसें.
मु.अ.नी लाल पेन काढलं.
“पाटलीन कायले? गावात पाटलाचं घर हाय न. शाळेतला टीव्ही कोनाच्या घरून आला?”
पाटलीण खोडून ‘एक कष्टाळू शेतकरी बाई’.
“आन हा कावळा खोटं बोलते, चोरी करते, वरून जेवते. लेकरायले काय शिकवून राहिलो आपन?”
कांडणाऱ्या बाया पूर्ण गेल्या. ‘गरज नाही’ असं समासात. साप गेला, ‘लहान मुले घाबरतील’. आता नवी गोष्ट अशी: कष्टाळू बाई, चोर कावळा, तिसऱ्या दिवशी पकडला जातो, माफी मागतो. बाई त्याला मूठभर तांदूळ देते!! जिने आयुष्यात कुणाला कणी दिली नाही ती.
मी भांडले. खरंच भांडले, पंधरा मिनिटं. मग ते म्हणाले, “मॅडम, बदलीचे अर्ज जानेवारीत हाय,” आणि हसले. मला पवनीला, घराजवळ जायचंय, त्यांना माहीत आहे. मी कागद परत घेतला.
आणि तात्पर्य मीच लिहिलं. हे लिहून ठेवते, नंतर म्हणायला नको की त्यांनी लिहिलं. ‘चोरीचा घास गोड लागला तरी पचत नाही, प्रामाणिकपणाच खरी शिदोरी.’ पाच मिनिटांत सुचलं. सरांनी मान डोलावली. माझ्या हातांचीच किळस आली, घरी येऊन साबणाने धुतले. वेडेपणा.

सोम., १५ डिसें.
शूटिंग. सकाळी, उजेड चांगला म्हणून. बाईंना नवं लुगडं नेसून यायला सांगितलं होतं सरांनी. पदराला माइक लावला.
त्याआधी बाईंना बदल सांगितला. सांगितला म्हणजे काय, वाचून दाखवला, भराभर, खाली बघत. ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, “कांडनाऱ्या बाया कुठी गेल्या?”
“वेळ कमी आहे बाई.” असं म्हणाले मी.
“माही माय कांडाले जात होती,” म्हणाल्या. मग पदर नीट केला आणि बाजेवर जाऊन बसल्या. सरांच्या सहीशिवाय त्यांचं काम पुढच्या वर्षी राहत नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

आवाज स्वच्छ हवा म्हणून पोरांना वर्गात कोंडलं. बाई पहिलं वाक्य बोलल्या आणि थांबल्या. सर म्हणाले, “बोला.” दुसरं वाक्य. थांबल्या.
“काहून थांबता?”
“कोनी हूं नाई म्हनत त सांगू कोनाले? भिताडाले?”
शेवटी मी मोबाईलच्या मागे उभी राहून दर वाक्याला मान हलवायची, असं ठरलं. आवाज न करता. चाललं तसं. दगडासारखा चेहरा करून त्यांनी ती मेली गोष्ट सांगितली. कावळा पकडला गेला, मी मान हलवली. कावळ्याने माफी मागितली, हलवली.
मग तात्पर्य. ‘चोरीचा घास गोड लागला तरी पचत नाही’ म्हणून बाई थांबल्या. माझ्याकडे पाहत. माझी मान हलेना. मी काही ठरवलं नव्हतं, हलेचना. अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण त्यातच गेलं.
तेव्हा सर मागून, मोठ्याने: “हूं!”
बाईंनी पुढचं अर्धं वाक्य उरकलं.
सरांचा ‘हूं’ काढायला नंतर दोन तास लागले. बाईंचं थांबणंही कापलं, प्रत्येक ठिकाणी. आता त्या न थांबता बोलतात, बातम्या वाचल्यासारखं. शेवटी माझं वाक्य पडद्यावर, पिवळ्या अक्षरांत, आठ सेकंद, कारण तिसरीच्या पोराला तेवढा वेळ लागतो वाचायला. खाली: ‘कथन: कौसल्याबाई’. माझं नाव कुठेच नाही. सरांना वाटलं मी नम्र आहे.

बुध., १७ डिसें.
व्हिडिओ टीव्हीवर दाखवला, सगळ्या शाळेला. पोरांना आजी टीव्हीत दिसल्याचा आनंद. तीनदा लावायला लावला. तिसऱ्यांदा सगळी शाळा माझं तात्पर्य एका सुरात म्हणत होती.
खिचडी झाल्यावर बाई बसल्या. “ऐका, एक होती पाटलीन.”
“हूं.”
“तिच्या घरी धान...”
आणि एक पोरगी ओरडली, “चोरीचा घास पचत नाही!” मग सगळीच. शाबासकी मिळेल म्हणून माझ्याकडे बघत.
बाई उठल्या. भांडी घासायला लागल्या.
मी वर्गात जाऊन दार लावून घेतलं. इतकं घाणेरडं मला स्वतःबद्दल कधी वाटलं नव्हतं. बदलीचा अर्ज दुपारी टेबलावर होता, भरला नाही. फाडलाही नाही.

शनि., २० डिसें.
निवड झाली. तालुक्यातून आमचा पहिला. सरांनी सगळ्यांना जिलेबी दिली, तुमसरहून आणली म्हणे. वरून निरोप: आजींच्या आणखी पाच गोष्टी हव्यात, याच पद्धतीने, पाच तात्पर्यांसह. मूल्यांची यादी सोबत जोडली आहे. आधी मूल्य निवडायचं, मग त्याला गोष्ट!
बुधवारपासून बाईंनी पोरांना एकही गोष्ट सांगितलेली नाही. पोरं ताटं धुवून पटांगणात पळतात. कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही, हे सगळ्यात वाईट.
जिलेबी कागदात बांधून आणली, खाल्ली नाही. गाईला घातली.

रवि., २१ डिसें.
बाईंच्या घरी गेले. माफी मागायची होती, ती आधीच घोकून गेले होते, शिक्षिका ना. त्या अंगणात लाखोरीची भाजी निवडत बसल्या होत्या. मला बाज दिली. चहा दिला. मी घोकलेलं सगळं बोलले. त्या भाजीच निवडत राहिल्या.
मग मी सांगितलं की आणखी पाच हव्यात. नाही म्हणाल्या तर मी सरांना समजावीन. (समजावीन! बारा तारखेला समजावलं तसं.)
“नाई काहून म्हनू? माह्याजवळ लई गोष्टी हाय. सांगीन.”
मी चकित. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.
“पर आखरीचं जे रायते न, ते बोलाले मी नाई बसनार. ते तुमचं लिहिलेलं होय, तुम्हीच बसा टीव्हीत. तुमच्या तोंडानं सांगा. खाली तुमचं नाव लिहा.”
रागावून नाही. भाजीच्या काड्या बाजूला करत म्हणाल्या.
“आणि मी नाही बसले तर?”
“मंग माही गोष्ट बिना शेपटीची जाईन. मले चालते. तुम्हाले चालन का, पाहा.”

पाच तात्पर्यांच्या जागा रिकाम्या असलेला कागद समोर आहे. त्याखाली बदलीचा अर्ज. सर उद्या अकराला विचारणार, मॅडम, काय ठरलं.