छोट्या अजितला चार ओळी

६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ
सम्यकने लहानपणचा फोटो टाकला. काळाचौकीला आमच्या शेजारच्या खोलीतला सम्यक, पहिलीपासून एका बाकावर. फोटो अगदी साधा. सात वर्षांचा, पुढचे दोन दात गायब, हातात उत्तेजनार्थ बक्षीस. खाली लिहिलंय, "ए दातपडक्या, भाषण विसरलास, स्टेजवरच रडलास, तरी खाली उतरला नाहीस. मी अजून तुझ्याच जोरावर उभा राहतो."
तीनशे बारा लाइक्स. मी मोजत नव्हतो, तिथे लिहिलेलंच असतं.
अक्षताने बदाम दिला. वर मला वाचून दाखवलं. किती गोड असेल नाही हा, म्हणाली. मी म्हटलं, मी बाजूलाच बसायचो, फार नाक वाहायचं त्याचं.
माझ्या एकाही पोस्टला बायकोचा बदाम नाही. पंधरा वर्षं झाली लग्नाला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
ठरलं. पुढच्या शुक्रवारी बालदिन. त्या दिवशी माझा फोटो. लाइक्सचं मला काही नाही. अक्षताचा बदाम आला की विषय संपला.

८ नोव्हेंबर, शनिवार
फोटो अजून नाही, पण कॅप्शन तयार. "हाच तो मुलगा, जो आज असिस्टंट मॅनेजर आहे. मेहनतीला पर्याय नाही." अक्षताला ऐकवलं. तिने विचारलं, हा बायोडेटा कोणाला पाठवायचाय?
दुसरं लिहिलं. "अज्या, गणितात लक्ष दिलं असतंस तर आज मॅनेजर असतास." ती म्हणाली, सात वर्षांच्या पोराला कशाला ओरडतोयस.

९ नोव्हेंबर, रविवार
आईकडे गेलो. ती अजून चाळीतच, धाकट्या भावाकडे. आई दुपारची झोपली होती, तिला न उठवता अल्बम काढला. जुने अल्बम चिकट पानांचे, फोटो उपटायला गेलं की मागचा कागद येतो. तसाच ठेवून, वरचं प्लास्टिक उचलून, खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढला. फ्लॅश मारला तर मध्ये पांढरा डाग पडतो. हे सगळं मी स्वतः शोधून काढलं. सम्यकच्या फोटोत कोपऱ्यात डाग आहेच.
फोटो जबरदस्त मिळालाय. जिन्याच्या पायरीवर मी बसलोय, निळ्या चौकड्यांचा शर्ट, चपला उलट्या पायात, मान खाली घालून मांजरीला बिस्किट भरवतोय. चेहरा नीट दिसत नाही, पण शर्ट माझाच. चाळीतल्या गुणाजीकाकांनी गिरणीतून तागा आणला होता आणि मजल्यावरच्या झाडून सगळ्या पोरांना त्याचेच शर्ट शिवले होते. मांजर मला स्पष्ट आठवते. फार जीव होता माझा तिच्यावर.
कडेला दारात कोणीतरी फुगलेल्या तोंडाचं पोरगं उभं होतं. फ्रेमची वाट लावत होतं. कापून टाकलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
रंग उडालेत म्हणून ब्लॅक अँड व्हाइट करून, "तू कायम माझ्या मनात राहशील" लिहून व्हॉट्सॲप स्टेटसला ट्रायल म्हणून ठेवला. चार मिनिटांत दोघांनी हात जोडले. ऑफिसच्या वैशालीने विचारलं, कोण गेलं?
काढून टाकला. रंगीतच बरा.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सम्यकचं कॅप्शन दहा वेळा वाचलं. नक्कल करायला नाही, अभ्यासाला. त्याने आत्ताच्या स्वतःबद्दल कसलीच बढाई मारलेली नाही. पोराशी थेट 'तू' करून बोललाय. एकच बारीक गोष्ट धरलीय, तीही फजितीची. आणि पहिल्याच ओळीत हाक, कारण पुढचं 'अधिक' दाबल्याशिवाय दिसत नाही. हॅशटॅग एकही नाही.
हे काय कोणीही करेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
कोणीही करेल असं नाही. तासभर नुसता फोटो बघत बसलो. मग आपोआप लिहिलं गेलं.
"ए उलट्या चपलांच्या, एकच बिस्किट होतं तुझ्याकडे. त्यातलं अर्धं तू मांजरीला दिलंस, आणि कोणी बघतंय का हेसुद्धा बघितलं नाहीस. असाच बस अजून थोडा वेळ. मला तुझ्यासारखं व्हायचंय."
डोळे भरून आले. मी इतका चांगला होतो हे मला माहीतच नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी नऊला टाकला. खाली "काळाचौकी, १९९२". चाळीतल्या सगळ्यांना टॅग केलं, सम्यकला सर्वांत आधी.
दुपारी दोनशे. संध्याकाळी चारशे तीस. सम्यकपेक्षा जास्त, सहज लक्षात आलं.
सम्यकची कमेंट: "अज्या, रडवलंस रे. थँक्स." थँक्स कशाबद्दल? वाचायला मिळालं म्हणून असेल. शेवटी हार मानली म्हणायची. त्याच्या आईने, सुंदराबाईंनी, सात बदाम आणि "देवासारखा लिहिलास बाळा." पोराचं कौतुक सोडून माझं. याला म्हणतात लिखाण.
आणि अक्षताचा बदाम आला. वर माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "हा मुलगा मला फार आवडला."
आजचा दिवस फ्रेम करून ठेवावा.

१६ नोव्हेंबर, रविवार
मुद्दाम आईकडे गेलो, कौतुक करून घ्यायला. अक्षताही होती. आईने चष्मा लावला, मोबाइल लांब धरला.
"ह्यो तू नाय. ह्यो सुंदराबाईचो सम्यक. मांजर त्याचाच."
मी शर्टाबद्दल सांगितलं. आई म्हणाली, शर्ट सगळ्यांकडे तोच, कटोरा कटही सगळ्यांचा तोच, एकाच न्हाव्याने अंगणात बसून केलेला. तू तर मांजरीला घाबरायचास. मग तिने अल्बम काढला आणि दारातल्या त्या पोरावर बोट ठेवलं.
"तू ह्यो. माका सांग, तू तुकाच कित्याक कापलंस?"
अक्षता इतकी हसली की भावाची बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.
येताना टॅक्सीत पोस्ट उघडली. चारशे नव्वद झाले होते. चारशे नव्वद लोकांना मी छापून सांगितलंय की मला सम्यकसारखं व्हायचंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
डिलीट करणार होतो. अक्षता म्हणाली, खबरदार. सुंदराबाईंनी त्याची प्रिंट काढून भिंतीवर लावलीय म्हणे.
सम्यकला फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं तू माझ्यावरच लिहिलंस. माझ्यावर असं कधी कोणी लिहिलं नव्हतं." राहू दे पोस्ट, मी म्हटलं.
फोन ठेवल्यावर मोबाइलमधला न कापलेला पूर्ण फोटो उघडला, आणि दारातल्या पोराला लिहायचा प्रयत्न केला. "ए फुग्या, रडू नको. तुलाही बिस्किट मिळायला हवं होतं."
बरं जमलंय असं वाटलं. कुठे टाकलं नाही, फक्त सम्यकला पाठवलं.
त्याचं लगेच उत्तर. "अरे, उरलेलं अर्धं तुलाच दिलं होतं की! खाल्लंस आणि भांडलास, मांजरीचा तुकडा मोठा होता म्हणून."
अक्षताने दारातल्या पोराचा तेवढाच तुकडा कापून माझ्या नंबरावर लावलाय. मी फोन केला की तिच्या स्क्रीनवर ते फुगलेलं तोंड येतं. हा बघ, अजून तसाच आहे, म्हणाली, आणि त्याचा गाल बोटाने दाबला.
मी पूर्ण फोटो पुन्हा उघडून, झूम करून बघितला.
मांजरीचा तुकडा मोठाच आहे.