भाषणातली माझी एक ओळ

रविवार, ३. सकाळी ९.
तेवीस तारखेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मुलांनी हॉल घेतला आहे, साठ माणसं सांगितली आहेत, आणि थोरली व धाकटा मिळून एक विनोदी भाषण करणार आहेत. हे गुपित आहे. घरातला एकमेव प्रिंटर माझ्या टेबलावर असतो, हे गुपित ठेवणारे विसरले. मसुदा वाचला. वाचणं भागच होतं, कागद उलटा पडला नव्हता.

भाषण सात मिनिटांचं. हिच्यावर अकरा विनोद. ही डब्यांवर तारखांच्या पट्ट्या लावते. माणूस बसलेला असताना त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करते. भांडण सुरू झालं की कपड्यांच्या घड्या घालायला घेते आणि शेवटची घडी होईतो जिंकलेली असते. सगळं तंतोतंत.

माझ्यावर एक ओळ. 'बाबांना तर आपण सगळे फोनवरून ओळखतोच.'

काही वाटलं नाही. सव्वीस वर्षं वार्ताहर आहे. जागेची टंचाई मला कोणी शिकवू नये.

सोमवार, ४.
विचारांती निष्कर्ष: दोष मुलांचा नाही, सामग्रीचा आहे. मी फार संयमी माणूस. लक्षात राहील अशी सवयच नाही. हाताशी एकोणीस दिवस. एखादी गोड सवय लावून घ्यायला पुष्कळ झाले. तेवीसपर्यंत बाहेरगावचा दौरा घ्यायचा नाही, असाही संकल्प.

बुधवार, ६. सकाळी ७.
सवय निवडली: विसराळूपणा. पंडितांना शोभतो, आणि खर्च नाही. चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, दुधाशेजारी. मग घरभर शोधला.

हिने फ्रिज उघडला, चष्मा काढला, पुसला, टेबलावर ठेवला आणि दूध घेऊन गेली. मुलं उठलेली नव्हती. प्रयोग प्रेक्षकांविना झाला.

शुक्रवार, ८.
दोन दिवसांचा दौरा आला. लहान होता, म्हणून धरत नाही. रात्री नऊला घरी फोन केला. उचलल्या उचलल्या धाकट्याने सांगितलं की जेवलो, दार लावलंय, आईला देतो. मी काही विचारलंच नव्हतं. मुलगा हुशार आहे.

सोमवार, ११.
चष्मा पुन्हा फ्रिजमध्ये. या वेळी सगळे हजर असताना. शिवाय गुणगुणत बाहेर पडलो, छत्रीसाठी परत आलो, छत्री घेऊन रुमालासाठी परत आलो. थोरलीने बघितलं. हसली नाही. तिने विचारलं, झोप लागते का नीट. धाकटा फोनवर काहीतरी शोधत होता. बहुधा टिपून घेत असावा.

गुरुवार, १४.
बंद दारापाठीमागे तालीम. मी पाणी प्यायला त्याच बाजूने जात होतो, चार वेळा. पद्धत पक्की आहे. एक वाक्य थोरलीचं, एक धाकट्याचं. कार्डांवर आकडे, म्हणजे हातातून सुटली तरी क्रम जुळतो. घड्याळ लावून सहा मिनिटं भरतात. लोक हसतील त्याचं एक मिनिट वेगळं धरलंय. आपल्याच विनोदावर धाकटा आधी हसतो म्हणून थोरलीने त्याला दोनदा झापलं. दर तीन चिमट्यांनंतर एक मायेचं वाक्य, नाहीतर ऐकणाऱ्याला तक्रार वाटते, असं तिचं म्हणणं. संपादक व्हायची पोरगी.

माझं नाव दाराबाहेर आलं नाही. तालीम अपुरी असावी.

रविवार, १७. सकाळी १०.
दुसरा मसुदा प्रिंटरमध्ये. चष्मा आला! 'बाबा हल्ली चष्मा थंड करून वापरतात.' बरा आहे. पण त्यावर रेघ मारलेली, समासात थोरलीचं अक्षर: 'हे नको. त्यांना खरंच काहीतरी होतंय. ज्याचं दुखतं त्यावर विनोद करायचा नाही.'

खाली फोनची ओळ. तीही खोडलेली. समासात धाकट्याचं अक्षर: 'मग ही पण काढ.'

म्हणजे आता शून्य. थोडा वेळ कागद हातात धरून बसलो. मग होता तसा ठेवला. काही वाटलं नाही. हे मी नोंदीसाठी लिहितो आहे.

सोमवार, १८.
मुलांनी डॉक्टरची वेळ घेतलेली निघाली. स्मरणशक्तीसाठी. डॉक्टरांनी महिने उलट म्हणायला सांगितले. मी इंग्रजी म्हटले, मग न विचारता चैत्रादीही म्हटले, फाल्गुनापासून मागे. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. स्मृती उत्तम, वागणुकीचं सांगता येत नाही, असा एकूण अभिप्राय.

बाहेर बाकावर हिला सगळं सांगितलं. प्रिंटर, ओळ, चष्मा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण फ्रिजमध्येच का?"

मी म्हटलं, परिणामकारक वाटलं.

"एवढी मेहनत करण्यापेक्षा संध्याकाळचा घरी थांबला असतास तर?"

मुद्दा विचारार्ह आहे. मुलांना सांगणार नाही, असं तिने वचन दिलं.

बुधवार, २०.
मुलं माझ्याकडे बघून खोकतात. दोघांनाही एकदमच सर्दी झालेली दिसते. हिने शब्द पाळला असणार.

शनिवार, २३. दुपारी ४.
कार्यक्रम सकाळी झाला. हॉलवर पोचलो आणि खिशात चष्मा नाही. खराखुरा नाही. हिला सांगितलं, ती हसली. मुलांना सांगितलं, ती जास्त हसली. त्यामुळे भाषण धूसर पाहिलं: माईकजवळ एक उंच डाग, एक बुटका. माईक बुटक्याच्या मापाने लावला होता, म्हणून उंच डाग वाकून बोलत होता.

पट्ट्यांवर हशा झाला. घड्यांवर हिची बहीण टेबल बडवत होती. मग थोरली म्हणाली, "आमच्या बाबांना भाषणात जागा हवी होती, म्हणून त्यांनी पंधरा दिवस स्वतःचा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला." धाकटा म्हणाला, "आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. ते पास झाले." लोकांनी मागे वळून मला पाहिलं असावं. हशा बराच वेळ थांबेना. मोजलेलं मिनिट इथेच संपलं. मी हसलो की नाही, आठवत नाही.

त्यानंतर जरा विराम होता. एका ओळीएवढा. मी सोडून कोणाला कळला नसेल.

शेवट हिच्यावर. धाकटा हॉस्टेलवर गेला तेव्हा हिने त्याच्या खोलीच्या दारावर पट्टी लावली होती: गेल्याची तारीख, आणि त्याखाली परतीची. मला हे माहीत नव्हतं. मी कुठेतरी बातमीवर असेन. तेवढ्यात धाकट्याने आमच्या डोक्यावरचा पंखा बंद केला आणि पुन्हा सगळे हसले. ही डोळे पुसत उठली आणि तिने तो चालू केला. पंचवीस वर्षांत प्रथमच.

चष्मा घरी सापडला नाही. फ्रिजही पाहिला.

सोमवार, २५. पहाटे ५.
तीन दिवसांचा दौरा. नाही म्हणणार होतो. गाडी सहाची.

बॅग थोरलीने भरून ठेवली होती. आत चष्म्याचं घर, घरात चष्मा. कधीपासून तिच्याकडे होता, कळायला मार्ग नाही. त्याभोवती भाषणाचं एक कार्ड गुंडाळलेलं, क्रमांक नऊ. चष्मा लावून वाचलं. 'बाबांना तर आपण सगळे फोनवरून ओळखतोच.' त्यावर रेघ. रेघेखाली दोघांचं मिळून एक वाक्य, अर्धं तिच्या अक्षरात, अर्धं त्याच्या: 'लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बघू, तोवर काहीतरी खरं करा.'

म्हणजे मुदत पंचवीस वर्षांची. बरीच आहे. बुधवारी परत आलो की लगेच सुरुवात करतो.

बाहेर पडताना पाहिलं. माझ्या खोलीच्या दारावर हिने पट्टी लावली आहे. गेल्याची तारीख घातली आहे. खालची जागा कोरी आहे.