घरात शिरलेला कोंदे

४ मार्च, संध्याकाळी ७.१०
आजपासून घरावर नजर. पुरावे इथे लिहून ठेवणार. वही अंकगणिताच्या पेपरांखाली, कुणाला सापडणं शक्य नाही.
लेक आणि ही, दोघी आतल्या खोलीत. दार लोटलेलं. लेक ओरडली, “देबाक!” ही पण ओरडली, “देबाक!” मी आत गेलो तर लॅपटॉप खाडकन बंद. विचारलं काय चाललंय. ही म्हणाली, काही नाही.
तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडल्यात मी. ‘काही नाही’ म्हणणाऱ्याच्या मोज्यात नेहमी काहीतरी असतं.

६ मार्च
गंभीर. मी बूट काढत होतो, तेवढ्यात ही लेकीला हळूच म्हणाली, “कोंदे आला.” मी मागे वळून पाहिलं. जिन्यात कुणी नाही. बाल्कनी तपासली, पलंगाखाली पाहिलं. कुणी नाही.
म्हणजे कोंदे नावाचा कुणीतरी घरी येतो, आणि मी यायच्या सुमारास येतो. हिंमत बघा.

७ मार्च
शाळेच्या हजेरीपटात कोंदे नाही. सोसायटीच्या पाट्यांवरही नाही. खोटं नाव असणार.

९ मार्च, दुपारी
लेकीचा फोन चार्जिंगला होता. स्क्रीन आपोआप उजळली. (मी फक्त वायर सरळ करत होतो.) मेसेज असा: ㅋㅋㅋㅋ. खाली लेकीचं उत्तर: ㅠㅠ.
खोडरबरावर कोरलेली सूत्रं मी वाचलीत, हे काय अवघड? पहिलं चिन्ह फळ्यांचं कपाट. चार कपाटं. दुसरं स्टूल. दोन स्टुलं.
फर्निचर! पोरगी संसार थाटतेय. त्या कोंदेबरोबर.
लेकीच्या टीचर्स ट्रेनिंगचा फॉर्म मी स्वतः भरून टेबलावर ठेवलाय, तीन आठवडे तिने सही केली नाही. का ते आता कळलं.

११ मार्च
शिपायाने चिन्हं ओळखली: कोरियन. शाळेच्या ग्रंथपाल बाईंना कोरियन मालिकांचं वेड आहे, असंही त्याच्याकडून कळलं. “एका विद्यार्थ्याच्या कॉपीत सापडलं” असं सांगून चिन्हं दाखवली. बाई हसल्या. म्हणाल्या, ते ㅋ म्हणजे ‘ख’. चार लिहिले की ख ख ख ख, हसणं. आणि ㅠㅠ म्हणजे मिटलेले दोन डोळे, खाली ओघळणारं पाणी. रडणं.
मला अंदाज होताच, असं सांगितलं.
‘देबाक’ही विचारलं. मूळ अर्थ मोठं यश, लॉटरी लागल्यासारखं. आता ‘भारी!’ पासून ‘बाप रे!’ पर्यंत सगळ्याला चालतं. सपाट आवाजात म्हटलं तर टोमणा. शब्द एकच, सगळं सुरावर.
निष्कर्ष: फर्निचर नाही. पण एक माणूस हसतोय आणि माझी मुलगी रडतेय. हे जास्त वाईट.

१३ मार्च
लेक फोनवर कुणाला तरी सांगत होती, “अगं, ती त्याला ओप्पा म्हणाली ना, तिथेच अडलंय माझं सगळं.” मधल्या सुट्टीत तडक ग्रंथपाल बाईंकडे.
मुलीने थोरल्या भावाला हाक मारायची तर ओप्पा. हुश्श केलं. मग बाई म्हणाल्या, वयाने मोठ्या प्रियकरालाही ओप्पा. आधी ‘सनबे’ म्हणजे सीनियर म्हणणारी मुलगी एक दिवस ओप्पा म्हणाली, की प्रेक्षक उशी कवटाळून बसतात.
दुपारचा तास मी फळ्यावर चुकीचं गणित सोडवून घेतला. पोरांनी ते तसंच उतरवून घेतलं.

१५ मार्च
नवीन योजना: गोडीगुलाबी. बाईंकडून शिकलो, ‘एग्यो’. म्हणजे लाडीगोडी: गाल फुगवायचे, ओठ पुढे, हनुवटीखाली मुठी, आवाज बारीक. समोरचा विरघळतो. मालिकेत रागावलेला साहेबसुद्धा विरघळला म्हणे. बाईंनी बजावलं, की हे तरुणांना शोभतं, तेही जपून. कित्येक कोरियन लोकांनाच ते बघून कसंसंच होतं. पण बाई मूळच्याच भित्र्या.
संध्याकाळी हिच्यासमोर प्रयोग केला. गाल फुगवले, मुठी लावल्या, “सांग ना गं” म्हटलं. हिने भाजी चिरायची थांबवली आणि विचारलं, दाढ कुठली, वरची की खालची?
लवंग चघळत लिहितोय. प्रयोग फसला असं नाही. ती हादरली होती.

१८ मार्च, दुपारी ४
आज अर्धी रजा. लेक फाइल घेऊन निघाली, मी मागे. छत्री तोंडासमोर, ऊन असूनही. ती एका तीन मजली इमारतीत शिरली. वरच्या मजल्यावर काचेचं दार, आत सहा टेबलं, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. मी दार ढकललं आणि म्हणालो, “कोंदे कोण?”
सगळे हेडफोन खाली आले. लेक पांढरीफटक पडली. मग एक चष्मेवाला मुलगा अतिशय आदराने म्हणाला, काका, तो माणूस नाही, शब्द आहे. स्वतःचंच खरं मानणारा, ‘आमच्या वेळी’ म्हणत उपदेश करणारा वडीलधारा. आधी कोरियातली पोरं मास्तरांना आणि बापाला गुपचूप म्हणायची.
मी मास्तर आहे. मी बाप आहे.
मागे कुणीतरी तोंडावर हात दाबला. ख ख ख, दुसरं काय.

त्याच दिवशी, ५.३०
राहिलेलं लिहितो. हे ऑफिस कोरियन मालिकांची मराठी सबटायटल्स करतं. लेक महिनाभर तिथे शिकतेय. दोन वर्षं ती भाषा शिकत होती, माझ्याच घरात. आज नोकरीची परीक्षा. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, “बाबा, तुम्ही फॉर्म भरून ठेवला होता. विचारलं कुठे होतं?” डोळ्यांत पाणी. ते दोन स्टुलांचं चिन्ह अगदी तंतोतंत काढलंय त्या लोकांनी.
परीक्षेचा प्रसंग तोच, ओप्पावाला. मराठीत ‘दादा’ लिहिलं तर प्रेमाचं वाटोळं. त्याचं नाव लिहिलं तर सनबेपासून ओप्पापर्यंतचं अंतर पुसलं जातं. लेक तिथेच अडलेली.
मी रागात बोलून गेलो, की त्यात काय एवढं? तुझी आई आमच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची, मला आडनाव लावून सर म्हणायची. एक दिवस व्हरांड्यात ‘अहो’ म्हणाली. मला कळायचं ते कळलं.
 तिथल्या मुख्य बाईंनी पेन उचललं आणि लिहून घेतलं. लेक माझ्याकडे बघत राहिली. “देबाक,” ती म्हणाली. सूर सपाट नव्हता. मी नीट ऐकला.

२२ मार्च
लेकीला नोकरी लागली. श्रेय कुणाचं, ते सांगायला नको. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं: भाग येईल तेव्हा बघा, ‘अहो’ आपलं आहे. ग्रंथपाल बाईंनाही दोनदा सांगितलं.

१४ एप्रिल, रात्री ८
भाग लागला. मी मधल्या खुर्चीत. प्रसंग आला. मुलगी थांबली, वळली, म्हणाली. खाली अक्षरं आली: “ओप्पा...”
नुसतं ओप्पा.
लेक म्हणाली, ‘अहो’ने दोघांचं लग्नच झाल्यासारखं वाटत होतं, मुख्य बाईंनी काढून टाकलं. आणि ओप्पा आता प्रेक्षकांना कळतं, बाबा. सगळ्यांना.
उद्या शाळेला रजा टाकावी का, विचार करतोय.
ही शेजारी बसून डोळे पुसत होती. मी म्हटलं, त्यांना नाही कळायचं, पण आपल्याला माहितेय ना, तू तेव्हा व्हरांड्यात ‘अहो’ का म्हणालीस ते.
ही म्हणाली, “नवीन होते मी. ऐनवेळी तुमचं आडनावच आठवेना.”