बगलेतली कळी

ती. बाबांना नमस्कार.

आईच्या ब्लाउजला बगलेत ठिगळ कशाला, असं तुम्ही दादाला विचारलंत, म्हणून लिहिते आहे. ते ठिगळ नाही. मी इंजिनिअरिंग सोडून फॅशन डिझाइनला गेले, त्याचं कारण ते आहे.

इंजिनिअरिंगला असताना एका सुट्टीत मी घरी आले तेव्हा आईचा खांदा आखडला होता. ब्लाउज घालताना ती दाराआड कळ सोसायची आणि म्हणायची, “ह्यांना सांगू नकोस.” मी तिला नवा ब्लाउज शिवला आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते भोक, खाली कापून मोठा केला. चूक होती. हात उचलला की अख्खा ब्लाउज वर चढायचा. दुसऱ्या ब्लाउजला मुंढा वर, काखेलगत घेतला आणि बगलेत एक चौकोनी तुकडा उरेब, म्हणजे तिरका कापून जोडला. उरेब कापड ताणतं, हाताला जागा देतं. त्या तुकड्याला कळी म्हणतात.

आईने स्वतः बाहीत हात घातला. म्हणाली, “अगं, दुखलं नाही!”

मी इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “शिंपीच व्हायचं होतं, तर गणितं कशाला केलीस?” आईला शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले. कळी हे गणितच होतं, बाबा.

आई जाऊन महिना झाला. मला रडू आलेलं नाही. कामाला वेळेवर जाते. तुम्ही जेवता ना वेळेवर? दादा म्हणतो, तुमचाही उजवा हात वर जात नाही आणि तुम्ही कुणाला सांगत नाही.

तुमची,
धाकटी

दादाच्या हाती दिलं: तुमचे दोन शर्ट, बगलेत कळी घातलेले. आईचा तो फसलेला पहिला ब्लाउज, पाहून परत पाठवायचा.