पाचला, घरी

प्रिय पौर्णिमा,

तू जीपमध्ये चढत होतीस, तुझी बॅग माझ्या हातात होती आणि अर्ध्यावर थांबून तू म्हणालीस, "मग न्हाई जात मी. ठरलं." मी बॅग वर दिली. जीप तलवाड्याच्या रस्त्याला लागली तरी मी गेवराईच्या स्टँडवरच उभी होते.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन संध्याकाळी अंगदकडे असतो, आणि तुझ्या भावानं हे वाचावं असं मला वाटत नाही. म्हणून कागद.

आपण दुपारभर अभ्यासिकेच्या पायरीवर बसून एका वाक्याचा कीस पाडला. सकाळी आपल्या अभ्यासिकेतला सिद्धलिंग झेरॉक्स काढत होता, मान वर न करता तुला म्हणाला, "उद्या वाढदिवस हाय. जमलं तर ये घरी, पाचला." एवढंच. तू ते मला चार वेळा म्हणून दाखवलंस, दर वेळी जरा वेगळ्या आवाजात. मी तुला थांबवून विचारलं की 'जमलं तर' आधी होतं की नंतर. आधी, तू म्हणालीस. म्हणजे तुला नाही म्हणायची वाट ठेवली होती, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, ती वाट त्यानं स्वतःसाठीही ठेवली असेल. हे मला सुचलं नव्हतं.

मग आणखी कुणाला बोलावलंय ते शोधायचं ठरलं. तू पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलीस आणि योगिताला सहज विचारून आलीस. तिला अभ्यासिकेच्या ग्रुपवर मेसेज होता, सगळ्यांना एकच: सात वाजता, हायवेवरचं हॉटेल. त्या ग्रुपमध्ये तूही आहेस. अंगदनं तो मेसेज उघडला असणार, तुला दिसलाच नव्हता. म्हणजे तुला दोन आमंत्रणं होती, एक सगळ्यांसारखं आणि एक तोंडी. तुझे कान लाल झाले. तू विचारलंस, "पाचला कावून गं? आणि घरीच कावून?"

मी लगेच उत्तर दिलं. तुमची शेवटची जीप सहाला असते, सातच्या जेवणाला तू येऊ शकत नाहीस, हे त्याला माहीत आहे. भला मुलगा आहे, तुला वगळल्यासारखं वाटू नये म्हणून आधी केक खाऊन जा म्हणाला. तू म्हणालीस, "तू वकील व्हायला पायजे होतीस, शिवे. लई बरोबर बोलतीस." आणि हसलीस. ते हसू मला आवडलं नाही.

जीपचं खरं आहे. पण मी एक गोष्ट सांगितली नाही. सिद्धलिंगची आई माझ्या आईची मावसबहीण, मी त्या घरात लहानपणापासून जाते. त्यांच्याकडे वाढदिवसाला पाचला केक नसतो. दिवेलागणीच्या आधी मावशी देवापुढे दिवा लावते, त्याला पाटावर बसवते आणि ओवाळते. त्या वेळी फक्त घरचे. गेल्या वर्षी त्याचे वर्गमित्र लवकर आले, तर त्यांना घराखालच्या दुकानात बसवलं होतं. पेढे घेऊन गेलेली मीसुद्धा त्यांच्यात बसले, नात्यातली असून. पाचला वर कुणाला बोलवायचं तर मावशीला विचारावं लागतं. त्यानं विचारलं असणार. आणि ती हो म्हणाली असणार.

तू दुपारभर जे शोधत होतीस ते माझ्याकडे होतं, आणि मी तुला जीपचं वेळापत्रक दिलं.

कारण सांगते. आपल्या ओळखीच्या पहिल्या वर्षी तू आमच्या घरी आलीस तेव्हा काकूनं तुला चहा स्टीलच्या पेल्यात दिला आणि आम्हाला कपात. तू गेल्यावर तो पेला तिनं वेगळा ठेवला. तुला कळलं नाही असं मी दोन वर्षं धरून चालले. आज वाटतं, तुला कळलं होतं. त्यानंतर तू आमच्याकडे चहा घेतच नाहीस. मावशीचं घर कसं वागेल ते मला माहीत नाही. तिनं हो म्हटलं, पण घरात आजी आहे, चुलते आहेत. तू त्या जिन्यानं परत खाली येशील आणि मला काही सांगणार नाहीस, याची मला भीती वाटली. तुझ्यासाठी वाटली असं मी दुपारी समजत होते. आता लिहिताना दिसतंय की आमच्या माणसांची लाज वाटत होती, आणि ती मी तुझ्या निर्णयात घातली. निर्णय तुझा आहे. म्हणून हे पत्र.

तुझीच,
शिवगंगा

शनिवार, सकाळी. पहिल्या जीपच्या वेळी मी हे पत्र घेऊन स्टँडवर आले. ड्रायव्हरच्या हाती तलवाड्याला पाठवणार होते. त्याच जीपमधून तू उतरलीस. आज अभ्यासिका बंद असते. तू मला पाहिलं नाहीस, भेटवस्तूंच्या दुकानापुढे शटर उघडायची वाट बघत उभी राहिलीस. एवढं लिहून मी रस्ता ओलांडते आहे.