लांबडीला पाठवलेला हाय

३ मार्च, सोमवार
पाठवला! एकच शब्द — हाय. लांबडीला. शाळेत दहा वर्षं एका बाकावर बसलो. लग्नानंतर तिची दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. आधी आळस, मग लाज. एकतीस वर्षं! नंबर तिच्या वहिनीकडून मिळाला.

सून म्हणाली, नुसत्या हायवरून ती ओळखणार कशी? खरंच की. खाली लिहिलं — 'मी बुटकी. तिसऱ्या बाकावरची.' दीड पानाचा माफीनामा वहीत तयार होता, तो तिनं पाठवू दिला नाही. "आधी दार तर उघडू द्या, आई. मग सामान आत न्या."

४ मार्च
दोन करड्या खुणा. पोचलंय, वाचलेलं नाही.

५ मार्च
पोळ्या लाटताना खुणा निळ्या झाल्या! वर 'टाइप करत आहे' उमटलं, गेलं, पुन्हा उमटलं. पोळी करपली. कुठे लांब तिची बोटं हलताहेत, आणि ते मला ओट्यापाशी कळतंय — देवा, तुझी लीला! मग आलं: 'बुटके, आहेस तर!' डोळे पुसून देवापुढे फोन ठेवला.

७ मार्च
मीच घोळ केला. 'बरी आहे. मुलगा एक. सून गुणी.' तारेचे शब्द मोजावेत तसं लिहिलं. तिकडून 'बरं.' संपलं! सून म्हणे, तिला धरायला काही ठेवलंत का? मग लिहिलं — 'गणिताच्या बाई खडू मारायच्या, तो तुला लागला होता की मला?' लगेच: 'तुला! मी वाकले होते.' दुपारभर हसत होते.

१० मार्च
तीन दिवस रोज सकाळी देवाचं चित्र आणि सुविचार धाडला. निळ्या खुणा, उत्तर नाही. सून म्हणाली, ते शंभर जणांकडून येतं, त्यात तुम्ही कुठे आहात? पटलं. आज मांजर माझ्या धुतलेल्या चादरीवर झोपलं होतं, त्याचा फोटो पाठवला. सात ओळी आल्या! तिच्या मांजराचं सगळं चरित्र. मी एकच विचारलं, नाव काय? आणखी चार ओळी.

१४ मार्च
धीर करून फोन लावला. तिनं कापला. परत लावला, परत कापला. म्हणजे राग आहेच. तीनच ओळी लिहिल्या — पत्रांना उत्तर दिलं नाही, चूक माझी, कारण सांगण्यासारखं नाही. उत्तर: 'ते मी केव्हाच सोडलं. पण फोन करू नकोस.'

जेवण गेलं नाही. सून म्हणाली, विचारू नका, जसं लिहीत होतात तसं लिहा. संध्याकाळी लिहिलं — 'मांजरानं आज दूध सांडलं.'

१६ मार्च
सकाळी लांबडीचं आलं: 'घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. दोन वर्षं झाली. मी फोन उचलेना, म्हणून माणसं बोलायचीच थांबली. माझ्याशी एवढं कोणीच बोललं नाही गं. दूध कसं सांडलं, सांग ना.'